हद्द जागची हलली नाही, शहर वाळूजला पोचलं: वाढ कशात मोजायची?

प्रश्न: एम.ए. भूगोलाच्या प्रबंधासाठी छत्रपती संभाजीनगरची वाढ मोजतोय. महापालिकेच्या हद्दीचं क्षेत्रफळ धरलं तर 2001 ते 2011 मध्ये शहर पसरलंच नाही असं उत्तर येतं. उपग्रहाच्या नकाशावरून मोजलं तर भरपूर पसरलेलं दिसतं. सर म्हणतात, अधिकृत हद्दच घे. काय करू?

उत्तर:

वाढ उपग्रहावरून मोजा आणि हद्दीची रेघ त्यावर ठेवून वाचा. सरांचा आग्रह अगदीच निराधार नाही, कारण लोकसंख्या हद्दीनुसारच मिळते. म्हणूनच खरी अडचण जमिनीच्या आकड्यात कमी आणि जमीन व लोकसंख्या यांची जोडी लावण्यात जास्त आहे. तिथे चूक झाली की गणित बिनचूक असूनही निष्कर्ष उलटा निघतो.

आधी हद्दीचं बघू. 1982 मध्ये महापालिका झाली तेव्हा भोवतालची गावं आत घेऊन हद्द आखली गेली. पुढचा मोठा बदल झाला तो 2015-16 च्या सुमारास सातारा-देवळाई ही शेजारची गावं आत आल्यावर. म्हणजे तुमच्या दहा वर्षांत हद्दीचं क्षेत्रफळ हललंच नाही. त्याच काळात महापालिकेची लोकसंख्या 8,73,311 वरून 11,75,116 झाली. भागाकार केला की शहर दाट झालं, पसरलं नाही, असं दिसणार. पुढे सातारा-देवळाई जोडल्यावर क्षेत्रफळ एका आदेशाने उडी मारतं, आणि त्या दिवशी एकही नवी भिंत उभी राहिलेली नसते. घरं आधीच बांधलेली होती, म्हणून तर ती गावं आत घ्यावी लागली. हद्द ही वाढीच्या मागून येते, तीही टप्प्याटप्प्याने, आणि तिची वेळ राजकारण व प्रशासन ठरवतं.

दुसरीकडे वाळूज, त्याजवळचं पंढरपूर, बजाजनगर, रांजणगाव हा सगळा पट्टा 1980 च्या दशकापासून एमआयडीसीमुळे भरत गेला, तरी तुमच्या काळात तो महापालिकेच्या बाहेरच होता. जनगणनेचा 'नागरी समूह' घेऊन हे सुटेल असं वाटतं, पण 2011 मध्ये त्या समूहाची लोकसंख्या 11,93,167 आहे, महापालिकेपेक्षा फक्त 18 हजारांनी जास्त. ती भर छावणीची आहे. वाळूज त्यातही नाही.

आता जोडी चुकल्याने काय होतं ते बघा. शाश्वत विकास उद्दिष्टांमधला 11.3.1 हा निर्देशांक तुम्ही वापरणार असालच: जमीन वापराचा वार्षिक दर भागिले लोकसंख्यावाढीचा वार्षिक दर.

```
LCR = (V2 - V1) / V1 / t
PGR = ln(P2 / P1) / t
गुणोत्तर = LCR / PGR
```

LCR म्हणजे जमीन वापराचा दर, PGR लोकसंख्यावाढीचा दर, V बांधलेलं क्षेत्र, P लोकसंख्या, t वर्षं. महापालिकेच्या दोन आकड्यांवरून PGR वर्षाला 2.97 टक्के येतो. जमिनीचे पुढचे आकडे मी फक्त गणित दाखवायला धरलेत, मोजलेले नाहीत. वाळूजची लोकसंख्याही तशीच धरलेली आहे.

V च्या जागी हद्दीचं क्षेत्रफळ ठेवलं तर LCR शून्य, गुणोत्तरही शून्य. समजा हद्दीच्या आतलं बांधलेलं क्षेत्र 40 वरून 56 चौ. किमी झालं, LCR 4 टक्के, गुणोत्तर 1.35. आता वाळूजसह सगळं बांधलेलं क्षेत्र 50 वरून 80 झालं असं धरा. LCR 6 टक्के. इथे बरेच जण लोकसंख्या मात्र महापालिकेचीच ठेवतात आणि 2.02 लिहून मोकळे होतात. शहर माणसांच्या दुप्पट वेगाने जमीन खातंय, असा मथळा तयार. पण वाळूजची जमीन घेतली तर तिथली माणसंही घ्यायला हवीत. त्या गावांची लोकसंख्या 70 हजारांवरून 1 लाख 90 हजार झाली असं धरलं, तर PGR 3.70 टक्के आणि गुणोत्तर 1.62. एकाच शहराची चार उत्तरं आली. त्यातली 1.35 आणि 1.62 ही दोनच टिकतात, कारण त्यांत वरची आणि खालची संख्या एकाच भूभागाची आहे. शून्य आणि 2.02 प्रबंधात येऊ देऊ नका.

बाहेरच्या लोकसंख्येसाठी 2001 आणि 2011 ची गावनिहाय जनगणना वापरा. महसुली गावाची सीमा आणि गाव-कोड जुळवून घ्या. जीएचएसएल या जागतिक वस्ती-नकाशांच्या मालिकेतला तयार लोकसंख्येचा थर मोहात पाडतो, पण तो जनगणनेचे आकडे बांधकामाच्या प्रमाणात वाटूनच बनवलेला आहे. बांधकामावरून वाटलेली लोकसंख्या पुन्हा बांधकामाशीच ताडून पाहिली तर तुम्ही त्यांचं गृहीतकच तपासत बसाल.

त्याच मालिकेतला बांधलेल्या क्षेत्राचा तयार थर मात्र पहिल्या अंदाजासाठी चांगला आहे. गुगल अर्थ इंजिनमध्ये एवढं पुरतं (`studyArea` हा तुमचा अभ्यासक्षेत्राचा बहुभुज):

```
var b = ee.Image('JRC/GHSL/P2023A/GHS_BUILT_S/2000')
          .select('built_surface');
var s = b.reduceRegion({
  reducer: ee.Reducer.sum(),
  geometry: studyArea, scale: 100, maxPixels: 1e9});
print(s);   // उत्तर चौरस मीटरमध्ये
```

यात 100 मीटरच्या प्रत्येक चौकटीत किती चौरस मीटर बांधकाम आहे तो आकडा असतो, 0 ते 10,000. म्हणून बेरीज करायची आणि दहा लाखांनी भागायचं. शून्यापेक्षा मोठ्या चौकटी मोजून प्रत्येकीला एक हेक्टर दिलात, तर शेतातला एकटा आखाडासुद्धा हेक्टरभर शहर होऊन बसतो. हा थर इमारतींच्या पायाचं क्षेत्र देतो, तर वर्ल्डकव्हरसारख्या उपग्रहावरून बनवलेल्या भू-आच्छादन नकाशात रस्ते आणि फरसबंदीही बांधलेल्यात धरलेली असते. एका वर्षासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा वापरलात तर व्याख्येतला फरक वाढ म्हणून मोजला जाईल. आणखी एक: या मालिकेत प्रत्यक्ष प्रतिमा 1975, 1990, 2000, 2014 आणि 2018 च्या आसपासच्या आहेत. मधली वर्षं गणिताने भरलेली आहेत. तुमचं 2010 चं चित्र हे 2000 आणि 2014 यांच्यामधला अंदाज आहे. म्हणून अंतिम आकड्यासाठी 2001 आणि 2011 च्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांचं वर्गीकरण स्वतः करा. (फाइलींमध्ये शहर अजून 'औरंगाबाद' नावाने असतं, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. अक्षांश बघून घ्या.)

वर्गीकरण करताना मराठवाड्याची जमीन फसवते. एप्रिल-मेमध्ये उघडी पडलेली काळी रानं, मुरूम, बेसाल्टचे बोडके माळ आणि खडी क्रशरचे खड्डे बांधकामासारखेच निकट-अवरक्तापेक्षा लघु-अवरक्त पट्ट्यात जास्त उजळ दिसतात. एनडीबीआय म्हणजे बांधकाम निर्देशांक उन्हाळ्याच्या एका प्रतिमेवर चालवलात, तर फुलंब्रीच्या बाजूची शेतंही शहरात येतील. हे ओळखायची सोपी खूण: 'बांधलेलं' क्षेत्र शहरापासून लांब, शेताच्या आयताकृती तुकड्यांत विखुरलेलं दिसतं आणि पावसाळ्यानंतरच्या प्रतिमेत गायब होतं.

उपाय असा की एका तारखेवर विसंबू नका. वर्षभरातल्या सगळ्या ढगविरहित प्रतिमांमधून प्रत्येक चौकटीचा सर्वांत जास्त एनडीव्हीआय म्हणजे हिरवाईचा निर्देशांक काढा. जी चौकट वर्षात कधीतरी ठळक हिरवी झाली ती शेत. 0.4 पासून सुरुवात करा आणि ओळखीच्या जागांवर तपासून उंबरठा हलवा. संपूर्ण वर्ष घेणं आपल्याकडे गरजेचं आहे, कारण रब्बी ज्वारीचं रान खरिपात मोकळं असतं आणि डिसेंबर-जानेवारीत हिरवं होतं. 2014 आणि 2015 सारख्या सलग दुष्काळात तर पीकच उभं राहत नाही, म्हणून पुढची वर्षं घेतलीत तर तीन वर्षांमधलं कमाल मूल्य घ्या. साताऱ्याच्या डोंगराचा खडक कधीच हिरवा होत नाही, तो हाताने वगळा.

उलटी चूक गुंठेवारीत होते. 20 बाय 30 फुटांच्या प्लॉटवर पत्र्याची दोन खोल्यांची घरं, शेजारचे चार प्लॉट रिकामे, वाट मुरमाची. लँडसॅटच्या 30 मीटर चौकटीत असे पंधराएक प्लॉट मावतात, आणि त्यातली दोन-तीन घरं मोकळ्या जमिनीत विरघळून जातात. वस्ती बरीच दाट झाल्यावरच ती नकाशावर उमटते. याउलट एनए लेआउटमध्ये रस्ते आखून मुरूम टाकला की घर नसतानाही ती जागा बांधलेली ठरू शकते. म्हणून गुंठेवारी, एनए लेआउट, एमआयडीसी आणि उघडं शिवार यांतून वेगवेगळे नमुना-बिंदू काढा, गुगल अर्थच्या जुन्या प्रतिमांवर तपासा आणि प्रत्येक भागाची चूक वेगळी लिहा. एकत्र 'अचूकता 90 टक्के' लिहिलं तर नेमकं शहराच्या कडेचं, जिथे वाढ घडते तिथलं, काहीच कळत नाही.

आता शहर कुठे संपतं हे ठरवायला लागेल. नगर नाक्यापुढे छावणीची मोकळी जमीन लागते, पुढे गोलवाडीच्या बाजूलाही मोकळे पट्टे आहेत, मग वाळूजची वस्ती. 'सलग बांधकाम' असा कडक नियम लावला तर वाळूज वेगळं गाव ठरतं, सैल लावला तर शहराचाच भाग. वापरात असलेली एक पद्धत म्हणजे प्रत्येक बांधलेल्या चौकटीभोवती एक चौ. किमीचं वर्तुळ, त्रिज्या 564 मीटर. वर्तुळातलं निम्म्याहून जास्त क्षेत्र बांधलेलं असेल तर ती चौकट नागरी, 25 ते 50 टक्के असेल तर उपनगरी, त्याखाली ग्रामीण. कोणताही नियम घ्या, पण आकडे पाहण्याआधी ठरवा आणि दोन्ही वर्षांना तोच लावा. छावणीसारखी लष्कराची जमीन बांधता येत नाही, म्हणून ती मधली पोकळी 'विखुरलेली वाढ' म्हणून मोजू नका. तिथली जागा शहराने सोडलेली नाही, ती मिळतच नव्हती.

हद्दीचा उपयोग यानंतर सुरू होतो. दोन्ही वर्षांच्या बांधलेल्या क्षेत्रावर एकच हद्द ठेवा, 2001 ची, आणि एकूण बांधलेल्या क्षेत्रापैकी किती टक्के बाहेर आहे ते काढा. अभ्यास पुढच्या वर्षांपर्यंत न्यायचा झाला तर सातारा-देवळाईसहची हद्द वेगळ्या रकान्यात ठेवा. सरांना हाच तक्ता दाखवा. पाणी, ड्रेनेज आणि कर महापालिकेचा की ग्रामपंचायतीचा, हे हद्द ठरवते, त्यामुळे रेघेबाहेरचा टक्का वाढत असेल तर तो नियोजनाच्या दृष्टीने तुमच्या प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. तो काढायला अधिकृत हद्दही लागतेच.