कालचा बंद ८४० की ४२०?

प्रश्न: माझ्याकडचा एक शेअर एका रात्रीत निम्म्यावर आलाय. कंपनीची काहीच वाईट बातमी नाही. घाबरून विकून टाकू का? तुमच्या बाबतीत असं कधी झालंय?

झालंय. विकण्याआधी एक करा. तो शेअर त्या दिवशी एक्स-बोनस किंवा एक्स-स्प्लिट झालाय का, म्हणजे फुकट बोनस शेअर धरून किंवा एका शेअरचे अनेक तुकडे धरून येणाऱ्या नव्या भावाने त्या दिवसापासून विकला जातोय का, ते बघा. तसं असेल तर निम्मा झालेला भाव हा तोटा नाही. पण ‘बोनस आहे, काही झालं नाही’ म्हणून पेपर मिटून ठेवू नका, मी तेच केलं होतं. माझ्या लेकीने तो परत उघडायला लावला, म्हणून हे उत्तर लिहितोय.

ती तेव्हा आठवीत होती. शाळेत टक्केवारी चालू होती आणि सरावाला गणितं हवी होती, म्हणून रोज सकाळी पेपरातलं बाजाराचं पान आम्ही दोघं मिळून वाचायचो. माझे पाच-सहा शेअर होते. ती भाव शोधायची, पेन्सिलीने गोल करायची आणि कालच्या पेपरातल्या गोलाशी ताडून बघायची. रद्दीत गेलेला पेपर ती परत काढून आणायची, त्यावरून घरात बोलणीही खायची.

त्या सकाळी तिने दोन पेपर माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

“बाबा, तुझा हा शेअर पडला. ८४० वरून ३९६.”

मी हसलो. मला माहीत होतं. कंपनीने १:१ बोनस जाहीर केला होता आणि आदल्या दिवसापासून शेअर एक्स-बोनस झाला होता. म्हटलं, बंदी नोट मोडून सुटे घेतले तर आपण गरीब होतो का? तसंच आहे हे. प्रत्येक शेअरमागे कंपनी एक नवा शेअर फुकट देणार, माझ्या ५० चे १०० होणार. कंपनी तीच, कारखाना तोच, नफा तोच. हिस्से दुप्पट झाले म्हणजे एका हिश्शाची किंमत निम्मी. कंपनीच्या तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही, फक्त हिशेबाच्या वहीत राखीव निधीतली काही रक्कम भागभांडवलाच्या खात्यात जाते.

“मग तुझ्या खात्यात १०० दिसतायत?”

दिसत नव्हते. लोक घाबरतात ते नेमकं इथेच, बहुतेक तुमचंही हेच झालं असावं. भाव एक्स-तारखेच्या सकाळीच निम्म्यावर येतो, पण बोनसचे शेअर डिमॅटमध्ये जमा व्हायला आणखी थोडा वेळ लागतो. मधल्या काळात खातं उघडलं की ५० शेअर आणि निम्मा भाव, म्हणजे निम्मी पुंजी उडाल्यासारखी दिसते. त्या भीतीपोटी कुणी ते ५० विकले, तरी एक्स-तारखेआधीपासून धरलेले असल्यामुळे बोनसचे ५० त्याला मिळतातच. फक्त सगळं विकून मोकळे झालो असं वाटत असताना प्रत्यक्षात त्याने अर्धाच हिस्सा विकलेला असतो.

हे सगळं ऐकून ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. तर तिने आजच्या पेपरातल्या एका रकान्यावर पेन्सिल टेकवली.

“इथे ‘मागील बंद’ ४२० लिहिलंय. आणि कालच्या पेपरात ‘बंद’ ८४०. एकाच दिवसाचे दोन बंद कसे?”

म्हटलं, बाजारानेच कालचा भाव बोनसप्रमाणे दोनने भागून घेतलाय, नाहीतर आजचा फरक मोजता आला नसता.

“बरोबर. म्हणजे आज ४२० यायला हवा होता. आलाय ३९६. बाबा, तू सुटे मोजून घेतलेस का?”

खरं सांगतो, मी नव्हते मोजले. शेजारच्याच रकान्यात छापलं होतं, उणे २४, म्हणजे उणे ५.७१ टक्के. मी तो रकाना बघितलाच नव्हता. भाव निम्मा होणार हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की निम्म्याच्या खाली किती आलाय हा प्रश्नच पडला नाही. ८४० ला ५० शेअर म्हणजे ४२,०००. ३९६ ला १०० म्हणजे ३९,६००. सुटे करून आणताना वाटेत २,४०० पडले होते.

आता तिला चेव आला. “पण सगळा बाजारच पडला असेल तर?” असं म्हणून तिने त्याच धंद्यातल्या आणखी चार कंपन्या पानावर शोधल्या. कुणी अर्धा टक्का वर, कुणी अर्धा टक्का खाली. म्हणजे पडला होता तो आमचाच. उलाढालीच्या रकान्यात एरवी चार लाखांच्या आसपास शेअर असायचे, त्या दिवशी १९ लाख होते. “पाचपट विक्री!” ती ओरडली. इथे मात्र मी तिला अडवलं. शेअर दुप्पट झालेत, तेव्हा उलाढालही दोनने भागायला हवी, १९ लाख म्हणजे जुन्या मापाने साडेनऊ. आणि ही नुसती विक्री नव्हे, प्रत्येक विकलेला शेअर कुणीतरी घेतलेलाही असतो. तरी दुपटीहून जास्त हातबदल झाला होता, हे खरंच.

पुढचा रकाना तिला जास्त आवडला. ५२ आठवड्यांचा नीचांक छापला होता ६१०. आणि आजचा भाव ३९६! नीचांकाच्याही खाली. पेपराने मागील बंद दोनने भागला होता, पण हा रकाना भागायचा राहून गेला होता. तो भागला की नीचांक ३०५ येतो आणि आमचा ३९६ त्याच्या बराच वर राहतो. अशा दिवशी पानावरचे अर्धे आकडे नव्या मापाचे असतात आणि अर्धे जुन्या, आणि कुठला कुठला ते पेपर सांगत नाही.

यातला सगळ्यात घातक आकडा मात्र तिला नाही, मला भुलवणारा होता. मी पीई बघितला. छापला होता १४. हा शेअर वर्षभर तीसच्या आसपासच्या पीईला मिळत होता, मीही तसाच घेतला होता. मी म्हणालो, अगं, हा तर स्वस्तात मिळतोय, आणखी घेऊया का?

“पीई म्हणजे काय भागिले काय?”

भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. नफा होता २८. मी तिच्याच वहीत लिहिलं, ३९६ भागिले २८, उत्तर १४.१. लिहिता लिहिताच हात थांबला. २८ हा जुन्या एका शेअरमागचा नफा. आता तोच नफा दुप्पट शेअरांत वाटायचा, म्हणजे एका शेअरमागे १४. ३९६ भागिले १४ म्हणजे २८.३. काल ८४० भागिले २८ म्हणजे ३० होता. शेअर तिसाचा अठ्ठावीस झाला होता, चौदा नव्हे. वर नवा भाव आणि खाली जुना नफा, अशी ती खिचडी होती. एक्स-तारखेनंतरच्या दिवसांत काही ठिकाणी असा पीई दिसतो, आणि तो बघून खरेदी करणारे माझ्यासारखे शहाणे असतात.

मग पडला का, हा प्रश्न राहिलाच. छातीठोकपणे एक कारण सांगता येत नाही. पण जुने पेपर चाळल्यावर एवढं सापडलं, की बोनस जाहीर झाला त्याच बैठकीत तिमाहीचे निकालही आले होते आणि नफा आदल्या वर्षापेक्षा १८ टक्क्यांनी घटला होता. मथळा बोनसचा होता, नफा तिसऱ्या परिच्छेदात. मी मथळा वाचून ७८० ला ५० घेतले होते. बोनसच्या आशेवर घेणारा मी काही एकटा नसणार. एक्स-तारीख उलटली की अशा लोकांना थांबायचं कारण उरत नाही, आणि मग तो तिसरा परिच्छेद भावात दिसू लागतो.

तुमच्या शेअरचं बघताना गुणोत्तर नीट वाचा, कारण ‘बोनस’ म्हटलं की सगळेच दोनने भागतात. ती म्हणाली, “१:२ असता तर?” मी पटकन म्हणालो, एकतृतीयांश. चूक. १:२ म्हणजे दर दोन शेअरमागे एक नवा, दोनाचे तीन. म्हणजे भाव दोनतृतीयांश, ८४० चा ५६०. स्प्लिट असेल तर दर्शनी मूल्यही बदलतं: १० चा शेअर २ चा झाला तर एकाचे पाच. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहतं. आणि अपेक्षित भाव काढून झाला, की त्याच्या खाली जेवढा आलाय तेवढीच तुमची खरी पडझड. विकायचं की नाही ते त्या आकड्यावरून आणि कंपनीच्या निकालांवरून ठरवा. निम्म्या झालेल्या भावाकडे बघून नको.

मी विकले नाहीत आणि नवे घेतलेही नाहीत. आठवडाभरात बोनसचे ५० खात्यात आले. तोवर भाव ३८४ झाला होता. तिने माझी खरेदीची डायरी मागितली, त्यात या शेअरपुढे अजून ७८० लिहिलेलं होतं. तिने ते खोडलं, ३९० लिहिलं, शेजारी ३८४ लिहिलं आणि वजाबाकी मला करायला दिली.