हाउसकीपिंगची जाहिरात लिहिण्याआधी खोल्यांचा हिशोब करा

प्रश्न: आमचं ६० खोल्यांचं हॉटेल आहे. हाउसकीपिंग अटेंडंट पाहिजेत म्हटलं की फोन भरपूर येतात, पण रुजू झालेले आठवडाभरात सोडून जातात. आता काम, शिफ्ट, पगार, राहणं सगळं खरं लिहायचं ठरवलंय. नेमकं काय लिहू?

उत्तर: फोन कमी येतील हे धरूनच चला. आठवड्यात सोडणारा बहुतेक वेळा फोनवर ऐकलेलं आणि आल्यावर दिसलेलं जुळलं नाही म्हणून जातो. त्यामुळे जाहिरात वाचून त्याला स्वतःचा दिवस आणि महिन्याचे पैसे घरबसल्या मोजता आले पाहिजेत.

'खोल्यांची स्वच्छता' एवढ्याने काही कळत नाही. एका शिफ्टला किती रूम, हा आकडा लिहा, आणि तो आधी कागदावर मांडून बघा. ८ तासांची मिनिटं ४८०. ब्रीफिंगची १५, ट्रॉली भरायची २०, जेवणाची ३० आणि शेवटी मळलेलं लिनन मोजून द्यायची १५ वजा केली की ४०० उरतात. पाहुणा सोडून गेलेल्या रूमला ४० मिनिटं धरा: दोन्ही चादरी, उशांचे अभ्रे, ड्युव्हे कव्हर, संपूर्ण बाथरूम, धूळ, मिनीबार. पाहुणा राहत असलेल्या रूमला २० धरा. तुम्ही १६ रूम देत असाल आणि त्यांतल्या ७ चेकआउट असतील, तर २८० अधिक १८० म्हणजे ४६० मिनिटं झाली. तासभराचं काम शिफ्टबाहेर गेलं. तो तास माणूस फुकट देतो, नाहीतर न धुतलेला कमोड नुसता पुसून पुढे जातो. १३ रूम, त्यांतल्या ६ चेकआउट, असं केलंत तर ३८० मिनिटं होतात. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेल्या रूमकडे परत मारावी लागणारी फेरी उरलेल्या वीसात बसते. सगळ्याच चेकआउट असतील त्या दिवशी १० च्या वर देऊ नका, आणि हेही जाहिरातीत छापा.

कामातला जड भागही लपवू नका. गादी उचलून चादर खोचणं, वाकून टब घासणं, दिवसभर ट्रॉली ढकलणं, रसायनं हाताळणं. ग्लोव्हज तुम्ही देत असाल तर तेही लिहा. कंबर दुखणाऱ्याने हे आधीच वाचलेलं बरं.

शिफ्टच्या बाबतीत 'रोटेशनल' हा शब्द टाळा. सकाळची किती ते किती, संध्याकाळची किती ते किती, रात्रपाळी महिन्यातून किती दिवस, साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारी की बदलती, वेळापत्रक किती दिवस आधी हातात मिळतं, हे सरळ लिहा. ब्रेक शिफ्ट असेल तर ती ठळक हवी, कारण सकाळी पाच तास आणि संध्याकाळी चार तास काम केलेल्याचा अख्खा दिवस हॉटेलातच जातो.

पगारात सगळ्यात जास्त फसवणूक 'पर्यंत' या शब्दाने होते. हातात पडणारी रक्कम लिहा. समजा जाहिरातीत १०० लिहिलेत आणि खोलीचे १०, मेसचे १२, गणवेशाचे ३ कापलेत, तर त्याला मिळतात ७५. मग ७५ च लिहा आणि कपाती शेजारी मांडा. टिप आणि सर्व्हिस चार्ज त्यात मिळवू नका, ते कमी-जास्त होतात. ओव्हरटाइमचा तासाचा दर आणि पगाराची तारीख हवीच.

राहण्याच्या सोयीबद्दल 'फ्री रूम' वाचून माणूस वेगळं चित्र डोळ्यांपुढे आणतो. एका खोलीत किती बेड, किती जणांमागे एक संडास, कुलपाचं कपाट आहे का, हॉटेलपासून किती लांब, संध्याकाळची शिफ्ट सुटल्यावर गाडी आहे का, हे सांगा. रात्रपाळीवाला दिवसपाळीवाल्यांच्याच खोलीत असेल तर त्याला झोप मिळत नाही. त्यांना वेगळी खोली देता आली तर द्या आणि ते आवर्जून लिहा. नोकरी सोडल्यावर खोली किती दिवसांत रिकामी करायची, हे तर मी जाहिरातींत जवळपास कधीच पाहत नाही, आणि घरापासून लांब आलेल्या माणसाला तीच सगळ्यात मोठी धास्ती असते.

मी असा मजकूर देईन (रिकाम्या जागा तुमच्या):

"हाउसकीपिंग अटेंडंट पाहिजेत. एका शिफ्टला १३ रूम, सगळ्या चेकआउट असल्यास १०. बाथरूम धुणं, बेड लावणं, ट्रॉली ढकलणं, वाकण्या-उचलण्याचं काम. सकाळी ७ ते ३.३० किंवा दुपारी २ ते १०.३०, अर्धा तास जास्तीचा विश्रांतीसाठी. आठवड्याला एक सुट्टी, वेळापत्रक ७ दिवस आधी. हातात ____, दर महिन्याच्या ____ तारखेला. कपाती: खोली ____, मेस ____. ओव्हरटाइम तासाला ____. खोलीत ४ बेड, प्रत्येकाला कपाट, हॉटेलपासून चालत १० मिनिटं. नोकरी सोडल्यास खोली रिकामी करायला ७ दिवस. अनुभव नसला तरी चालेल, प्रशिक्षणाच्या दिवसांचा पूर्ण पगार."

जो फोन उचलेल त्याच्या टेबलावर हाच कागद ठेवा. "रूम किती?" या प्रश्नाला त्याने "तेवढं काही नाही हो, आल्यावर बघू" असं उत्तर दिलं, तर छापलेल्या १३ वर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि पहिल्या दिवशी मुलाखतीआधी उमेदवाराला खोली दाखवा, जिथे तो खरंच झोपणार आहे तो बेड.