शिवीच्या वेळी मॅच कुठे होती?

"मॅडम, मॅच हरलो की हात शिवशिवतात. रात्री लिहितो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, सकाळी वाचलं की माझी मलाच लाज वाटते. पण शिव्या काढल्या तर पोस्ट मिळमिळीत होते. मग लिहायचं तरी कसं?"

मी समुपदेशक. आयपीएलचा मोसम आणि भारत-पाकिस्तान सामने जवळ आले की माझ्याकडे हे वाक्य थोड्याफार फरकाने येतंच. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले, चांगलं लिहिणारे. खाली सांगते तो मुलगा अशा अनेकांचा मिळून झाला आहे. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

तो बँकेत नोकरीला. 4 सप्टेंबर 2022 च्या रात्री दुबईत आशिया चषकात भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा त्याने लिहिलेली पोस्ट घेऊनच आला होता. 18 व्या षटकात रवी बिश्नोईच्या चेंडूवर आसिफ अलीचा झेल अर्शदीप सिंगने सोडला होता. पोस्टमध्ये अर्शदीपला काय काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही. त्या रात्री अनेकांनी त्याला थेट 'खलिस्तानी' ठरवलं होतं. या मुलाची मजल तिथपर्यंत गेली नव्हती, पण खालच्या प्रतिक्रियांमध्ये तो शब्द आला तेव्हा त्याने त्यावर हसणारा चेहरा टाकला होता. लाज त्याचीच वाटत होती.

मी त्याला ती पोस्ट मोठ्याने वाचायला लावली.

"आता यातलं नाव काढ. ही पोस्ट कुठल्या मॅचची आहे?"

तो थांबला. "कुठल्याही मॅचची होऊ शकते."

"झेल कुठे उभा राहून सोडला?"

"शॉर्ट थर्ड मॅनला."

"पोस्टमध्ये आहे?"

नव्हतं. चेंडू नव्हता, फटका नव्हता, षटक नव्हतं. लोकांना वाटतं शिवीने लिखाण झणझणीत होतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला मॅचमधलं सांगण्यासारखं काही हाताशी लागत नाही, तो शिवी देतो. पोस्ट मिळमिळीत झाली तर त्यात शिवी कमी पडलेली नसते, मॅच कमी पडलेली असते.

पुढच्या भेटीत त्याच मॅचबद्दल आणखी एक विचारलं. "शेवटच्या षटकातला चौथा चेंडू आठवतो?"

"नाही."

"का नाही?"

"मी तेव्हा टाइप करत होतो."

मी त्याला चेंडूगणिक समालोचन काढून वाचायला सांगितलं. शेवटच्या 12 चेंडूंत पाकिस्तानला 26 धावा हव्या होत्या. भुवनेश्वरच्या 19 व्या षटकात त्यातल्या 19 गेल्या. उरलेल्या 7 वाचवायला चेंडू कुणाकडे आला? अर्शदीपकडेच. एक धाव, मग चौकार, मग निर्धाव चेंडू, आणि चौथ्या चेंडूवर यॉर्कर टाकून त्याने पायचीत केलं ते आसिफ अलीलाच. ज्याचा झेल सोडला, त्यालाच. मग 2 चेंडूंत 2 धावा राहिल्या आणि पुढच्याच चेंडूवर पाकिस्तान जिंकलं.

तो बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. "म्हणजे मी त्याला शिव्या घालत होतो तेव्हा तो आसिफला आउट करत होता?"

हो. हे मी सांगितलं असतं तर उपदेश झाला असता. त्याने स्वतः शोधलं म्हणून ते लागलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला एवढं नक्की कळलंय, की माणूस बदलतो तो त्याच्याच तोंडून बाहेर पडलेल्या वाक्याने.

आता माझी विचारसरणी लपवत नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरची. कृतीला हवी तेवढी नावं ठेवा, माणसाला नको. 'ऐन मोक्याला हातातला झेल सोडला' हे कठोर आहे, पण खरं आहे, आणि बेधडक लिहावं. 'तो नालायक आहे' हे मात्र एका चेंडूवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावणं झालं. आणि धर्म, जात, आई, बायको हे तर मैदानातही नव्हते. ते पोस्टमध्ये आले की समजावं, राग क्रिकेटचा उरलेला नाही.

त्याला एक काम दिलं. रात्री मनात येईल ते मोबाइलच्या नोंदवहीत लिहायचं, शिव्यांसकट. टाकायचं नाही. सकाळी माणसाला चिकटवलेलं प्रत्येक विशेषण खोडायचं आणि तिथे त्या चेंडूवर काय घडलं ते लिहायचं. 'आंधळा' खोडलं तर तिथे काय येतं? त्याचं आलं ते असं:

"चेंडू वर गेला तेव्हा मी सोफ्यावरून उठलो. झेल सुटला तरी मी उभाच. आई म्हणाली, उभाच आहेस तर दूध घेऊन ये."

मी मनापासून हसले. इथे विनोदाचं लक्ष्य बदललं होतं. झेल सुटण्याआधीच नाचायला उठलेला प्रेक्षक हा सुटलेल्या झेलापेक्षा कितीतरी गमतीचा असतो, आणि त्याच्यावर हसायचा पूर्ण हक्क आपल्याला असतो. त्याच मॅचनंतर पत्रकारांपुढे विराट कोहलीने हेच केलं होतं. दबावाखाली कुणाचीही चूक होते असं म्हणून त्याने स्वतःचाच किस्सा सांगितला. 2009 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानविरुद्ध शाहिद आफ्रिदीच्या चेंडूवर वाईट फटका मारून बाद झाल्यावर तो पहाटे पाचपर्यंत छताकडे बघत पडला होता.

समोरच्या संघाच्या चाहत्यांचा प्रश्न त्याने नंतर काढला. "त्यांना टोमणा मारायचाच नाही?" मार की. पण आधी त्यांची एक चाल मोकळेपणाने मान्य कर, मग टोमणा कुजका वाटत नाही. त्या रात्री पाकिस्तानने मोहम्मद नवाझला चौथ्या क्रमांकावर पाठवलं आणि त्याने 20 चेंडूंत 42 धावा काढल्या. मुलाने लिहिलं, "नवाझला वर पाठवायचं ज्याला सुचलं त्याला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी करा. आमच्याकडे कधीच कुणाला काही सुचत नाही." ऑफिसच्या दुबई शाखेतल्या पाकिस्तानी सहकाऱ्याने ती पोस्ट हसत पुढे पाठवली. माझी कसोटी हीच असते. ज्याच्यावर विनोद केला तो पोस्ट पुढे पाठवेल का?

एक मर्यादा सांगते. मॅचवर पैसे लावलेले असतील तर यातलं काहीही चालत नाही. तिथे खेळाडूचा झेल सुटत नाही, स्वतःचा पगार सुटतो, आणि त्यासाठी वेगळं बसावं लागतं. मी हे पहिल्याच भेटीत विचारून घेते.

जिंकल्यावरची पोस्ट जास्त कठीण, कारण तेव्हा कुचेष्टा आपोआप सुचते. 23 ऑक्टोबर 2022, मेलबर्न, टी-20 विश्वचषकात पुन्हा भारत-पाकिस्तान. अर्शदीपने आपल्या पहिल्याच चेंडूवर बाबर आझमला पायचीत केलं, पुढे आसिफ अलीलाही बाद केलं. शेवटच्या षटकात भारताला 16 धावा हव्या होत्या आणि चेंडू नवाझच्या हातात. रात्री उशिरा मुलाने मला दोन मसुदे पाठवले. पहिल्यात नवाझवर चार ओळी होत्या, त्या त्यानेच खोडल्या होत्या. दुसरा असा:

"फ्री हिटवर कोहली बोल्ड झाला आणि तीन धावा पळाला. बोल्ड झाल्यावर आमच्या गल्लीत लोक फक्त भांडायला पळतात. अर्शदीप, सप्टेंबरचं दूध अजून आणायचं आहे, पण आज मी बसूनच मॅच पाहिली."