रिक्रूटरला नाही म्हणताना कारण नेमकं लिहा

प्रश्न: ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये पाच वर्षं झाली. खराडीतल्या एका जागेसाठी रिक्रूटर मॅडमशी दोनदा बोलणं झालं, पण काम निघालं मॅन्युअल टेस्टिंगचं. त्यांना न दुखावता नाही कसं सांगू? पुढे चांगली जागा आली तर त्यांनी मला विचारावं असंही वाटतं.

उत्तर:

मी पुण्यातच एका कन्सल्टन्सीत भरतीचं काम करते. नकार आम्हाला रोजच येतात, त्याचं वाईट वाटत नाही. त्रास होतो तो इंटरव्ह्यू ठरल्यावर उमेदवार फोन उचलेनासा झाला की, कारण मग क्लायंटला उत्तर आम्हाला द्यावं लागतं.

आधी विचारून घ्या, तुमचा सीव्ही क्लायंटकडे गेलाय का? गेला नसेल तर आजच थांबवा. बऱ्याच कंपन्यांमध्ये ज्या कन्सल्टन्सीने सीव्ही आधी पाठवला, तिचाच उमेदवार म्हणून तुमची काही महिने नोंद राहते. उद्या तिथेच ऑटोमेशनची जागा निघाली आणि मित्राने रेफर केलं, तर तो सीव्ही ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येऊ शकतो.

फोनवर सांगितलंत तरी नंतर मेल कराच. साधारण असा:

“नमस्कार मॅडम, काल सविस्तर माहिती दिलीत, आभारी आहे. या जागेत काम मुख्यतः मॅन्युअल टेस्टिंगचं आहे आणि मला ऑटोमेशनमध्येच राहायचं आहे, म्हणून मी पुढे जात नाही. कृपया माझा सीव्ही या जागेसाठी पाठवू नका. सेलेनियम आणि जावावर ऑटोमेशनचं काम असेल, ठिकाण खराडी, मगरपट्टा किंवा हायब्रिड असेल, तर जरूर कळवा. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे.”

यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं. “पुढे काही असेल तर सांगा” एवढंच लिहिलंत तर आमच्या ट्रॅकरमध्ये नुसतं ‘नॉट इंटरेस्टेड’ पडतं, आणि नंतर ते वाचणाऱ्याला वाटतं की तुम्हाला नोकरीच बदलायची नाही. स्किल, ठिकाण आणि नोटीस लिहिलेली असली की नवी रिक्वायरमेंट आल्यावर ‘सेलेनियम’ शोधताना तुमचा मेल समोर येतो. पगार कमी वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा, घरच्या अडचणीचं निमित्त नको. निमित्त खरं धरून आम्ही पुढचे फोन करतच नाही.

मात्र एका रिक्रूटरकडे ठरावीक क्लायंटच असतात, तेव्हा तुमच्याजोगी जागा त्यांच्याकडे कदाचित येणारही नाही. नोकरीच्या पोर्टलवरचं प्रोफाइलही अपडेट करत राहा, आम्ही शोधताना अलीकडे लॉगिन केलेले उमेदवार आधी बघतो.

राजीनामा दिलात की याच मेलच्या उत्तरात शेवटच्या दिवसाची तारीख कळवा. ९० दिवस थांबायला बरेच क्लायंट तयार नसतात, पण महिनाभरात मोकळा होणारा उमेदवार म्हटलं की आम्ही लगेच फोन लावतो.