मुलाखतीची वेळ बदलून मागताना

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गुरुवारी ग्राहकाचं ऑडिट आणि त्याच सकाळी पुण्याच्या कंपनीची मुलाखत, असं झालं तर एचआरच्या मूळ मेललाच रिप्लाय कर. नवा मेल टाकलास तर त्यांना संदर्भ शोधत बसावं लागतं.

लिही: ‘गुरुवारी सकाळी ११ च्या मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभार. त्या वेळी सध्याच्या नोकरीतली टाळता न येणारी जबाबदारी आहे. शुक्रवारी दुपारी ३ नंतर किंवा सोमवारी सकाळी १० ते १ जमू शकेल का? गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

ऑडिट कुणाचं, हे मात्र लिहू नकोस. आतल्या गोष्टी बाहेर सांगणारा वाटशील. ‘तुम्हाला जमेल तेव्हा’ म्हणालास तर पुन्हा अडचणीचाच दिवस मिळायचा. मुलाखत उद्यावर असेल तर मेल टाकून लगेच फोनही कर.