आधी वही कुणाची ते विचार

मामांच्या हिशेबातले मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द अशी तुझी यादी बघितली, शब्द बरेच जमवलेस आणि अर्थही चुकलेले नाहीत, पण गणपती पेठेतल्या किराणा दुकानात तुझे मामा अडतात ते घसारा न् डेप्रिसिएशनवर नाही, ते अडतात जमा-नावेवर. तू नुसतं 'जमा म्हणजे क्रेडिट, नावे म्हणजे डेबिट' लिहून मोकळा झालायस, आणि गोंधळ तिथनंच सुरू होतो.

समज सोमवारी मामांनी गल्ल्यातले २०,००० बँकेत भरले. पासबुकात ते जमा, म्हणजे क्रेडिट. पण अकाउंटंटच्या टॅलीत तेच २०,००० बँकेला डेबिट दिसणार, मग मामा म्हणणार की ह्या पोरानं उलटं मांडलंय. उलटं कुणीच मांडलेलं नाही. पासबुक ही बँकेची वही, तिथं खातं मामांचं आणि बँक त्यांचं देणं लागते, म्हणून क्रेडिट. मामांच्या वहीत खातं बँकेचं, तिच्याकडनं येणं झालं, म्हणून नावे. मामांच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतही ती रक्कम नावे बाजूलाच असेल बघ, 'बँक खाते नावे २०,०००'. म्हणून प्रत्येक शब्दापुढं वही कुणाची आणि खातं कुणाचं हे लिहायचंच.

आणखी एक, कीर्दीची जमा बाजू म्हणजे इंग्रजी कॅशबुकची क्रेडिट साइड असं चुकूनही लिहू नकोस. कीर्दीत आलेली रोख डावीकडं, ज्यानं दिली त्याच्या खाती जमा होते. कॅशबुक हे रोकडीचंच खातं, त्यात आलेली रोख डावीकडंच पण डेबिटला. मला हे कळायला पहिल्या नोकरीत एक आख्खी दिवाळी गेली.

मग गिऱ्हाईकाचं घे. 'मांडून ठेवा' म्हणून कुणी १,२०० चा माल नेला की त्याचं खातं डेबिट, नंतर ५०० दिले की तेवढं क्रेडिट, राहिले ७०० येणे. मामा ह्यालाही उधारी म्हणतात आणि होलसेलवाल्याचे द्यायचे असतात त्यालाही उधारीच, तर तिथं दोन ओळी कर, येणे उधारी डेटर्स, देणे उधारी क्रेडिटर्स.

उचलीचंही तसंच. मामांनी घरच्या बाजाराला गल्ल्यातनं ५०० घेतले तर ती ड्रॉइंग्ज, भांडवलातनं वजा होते, दुकानाच्या खर्चात धरायची नाही. कामावरच्या पोरानं घेतली तर तो ॲडव्हान्स, पगारातनं कापून घ्यायचा. (उसाची पहिली उचल हा तिसराच प्रकार, तो आपल्या यादीत नको.)

पुढच्या वेळी कीर्दीची एक आठवड्याची पानं घेऊन ये, त्यात जे शब्द मामांच्या हातनं लिहिलेत तेवढेच आधी घेऊ.