न मागता वाढलेलं क्रेडिट कार्डचं लिमिट: घ्यावं की नाकारावं?

प्रश्न: "माझ्या कार्डाचं लिमिट ६० हजार आहे. बँकेचा मेसेज आलाय की ते दीड लाख करून देतो, फक्त होकार कळवा. मी मागितलं नव्हतं. घ्यावं का? नाही म्हटलं तर सिबिल कमी होईल का?"

नाही म्हटल्याने स्कोअर घसरत नाही, ती भीती आधी मनातून काढा. तुमच्या होकाराशिवाय बँक लिमिट वाढवूही शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मेसेज गप्प सोडून दिला तरी चालतो. घ्यायचं ठरलं तर मेसेजमधल्या लिंकवरून किंवा फोनवर ओटीपी सांगून नको, बँकेच्या ॲपमध्ये जाऊनच होकार द्या.

मी लातूरला नोकरी करतो, शेती औसा तालुक्यात वडील बघतात. मलाही नेमकी हीच ऑफर आली होती, ६० हजारांचे दीड लाख. मी घेतली, आणि कागदावर मला फायदा झाला. तेव्हा माझं महिन्याचं बिल २० हजारांच्या आसपास असायचं, म्हणजे लिमिटचा वापर ३३ टक्के. हा आकडा तिसाच्या आत असलेला बरा, असं सगळे सांगतात. लिमिट वाढलं आणि तेच २० हजार १३ टक्क्यांवर आले. खर्च तेवढाच, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये मी जास्त सांभाळून वापरणारा दिसू लागलो.

पुढचं मात्र माझ्या लक्षात उशिरा आलं. सहा महिन्यांत घरखर्चाचं बिल २० वरून २८ हजारांवर गेलं. मोठं असं काहीच घेतलं नव्हतं. किराणा, पेट्रोल, ऑनलाइन मागवलेले कपडे, एवढंच. आधी ४० हजारांच्या वर गेलो की हात आपोआप आखडायचा, कारण शिल्लक लिमिट दिसायचं. आता ते दिसणं बंद झालं. वापराचं प्रमाण बघायला गेलो तर २८ हजार म्हणजे जेमतेम १९ टक्के, आधीच्या ३३ पेक्षा चांगलं! खर्च चाळीस टक्क्यांनी वाढला होता आणि आकडा मला शाबासकी देत होता. म्हणून टक्केवारी बघू नका, रुपये बघा. ग्रॉस आणि सुलेलेस या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली अमेरिकेतल्या कार्डधारकांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: लिमिट शंभरने वाढलं की कर्ज सरासरी दहा ते चौदाने वाढतं, आणि जे आधी लिमिटच्या जवळपासही नव्हते त्यांचंही वाढतं.

खरा फटका जूनमध्ये बसला. पेरणी तोंडावर, पीककर्जाचं नूतनीकरण अडलेलं. मी बियाणं आणि खताचे ४५ हजार कार्डावर मारले. जुनं लिमिट असतं तर घरखर्च धरून ते बसलंच नसतं, कार्ड नाकारलं गेलं असतं आणि मी बँकेत हेलपाटे घातले असते. सोयाबीन विकलं की फेडू असं म्हटलं आणि तोवर किमान रक्कम व घरखर्चापुरते पैसे भरत राहिलो. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ४५ हजारांवर १,५७५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला साधारण १,८५० रुपये. चार महिन्यांत सात हजारांच्या वर गेले. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागत होतं. हेच ४५ हजार ७ टक्क्यांच्या पीककर्जातून घेतले असते तर चार महिन्यांचं व्याज १,०५० रुपये झालं असतं, आणि वेळेत फेड केली की राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तेही आणखी कमी होतं. कार्ड हा पेरणीचा पैसा नाही, हे मी कळकळीने सांगतो.

आता तुमचं. ॲपमधून मागची सहा बिलं काढा. प्रत्येक वेळी पूर्ण रक्कम भरली असेल आणि बिल १८ हजारांच्या वर जात असेल, तर लिमिट घ्या, फायदा होईल. पण त्याच दिवशी कार्ड सेटिंगमध्ये एका व्यवहाराची मर्यादा कमी करून ठेवा. त्याने रिपोर्टमधलं लिमिट दीड लाखच राहतं, पण एका झटक्यात मोठी रक्कम जात नाही. छोट्या छोट्या खरेद्यांची बेरीज मात्र ही मर्यादा अडवत नाही. त्यासाठी २० हजारांना थांबायचं, असा आकडा स्वतः ठरवावा लागतो.

सहांपैकी एकदा जरी किमान रक्कम भरून भागवलं असेल, तर नाकारा. वापराचं प्रमाणच कमी दाखवायचं असेल तर दुसरा मार्ग आहे: बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी अर्धी रक्कम भरून टाका. २० हजारांचे १० राहिले की ६० हजारांच्या लिमिटवरही बिलात १७ टक्केच दिसतात. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवतात, त्यामुळे बदल रिपोर्टमध्ये लवकर उतरतो.